प्रकल्प नोंदी: दिलेल्या बिलाला हात लावायचा नाही (काजू कारखाना, वेंगुर्ले)

१२ डिसेंबर २०२५

महिन्याची स्टॉकमोजणी. कारखान्याच्या गोडाऊनमध्ये दहा-दहा किलोचे डबे असतात, दिसायला सगळे सारखे. फरक फक्त स्टिकरचा. डब्ल्यू २४० म्हणजे एका पौंडाला साधारण २२० ते २४० काजूगर, डब्ल्यू ३२० म्हणजे ३०० ते ३२०. आकडा वाढला की गर बारीक आणि भाव कमी.

दुपारी गोडाऊन सांभाळणाऱ्या काकी दारातूनच ओरडल्या, "दादा, दोनशेचाळीसचे दहा डबे जास्त आसत आणि तीनशेवीसचे दहा कमी. दोनदा मोजलंय." काकींची मोजणी चुकत नाही, हे मी तीन वर्षांत शिकलोय. चुकलं असेल तर ते मी लिहिलेल्या बिलांच्या प्रोग्रॅममध्ये, नाहीतर ऑफिसात. एका ग्रेडमध्ये जेवढे जास्त, बरोब्बर तेवढेच दुसऱ्या ग्रेडमध्ये कमी, म्हणजे चोरी नव्हे आणि मोजमापही नव्हे. कुठल्यातरी बिलावर दोन ओळी उलट्या पडल्यात.

गेल्या मोजणीनंतरची बिलं चाळली. २७ नोव्हेंबरचं, कोल्हापूरच्या एका सुकामेव्याच्या व्यापाऱ्याचं, `VK/25-26/0214`. ऑर्डर २४० चे दहा डबे आणि ३२० चे वीस. बिलावर २४० चे वीस, ३२० चे दहा. टेम्पोत माल बरोबर चढला होता, कारण काकी ऑर्डरच्या कागदावरून चढवतात, बिलावरून नाही. आंबोली घाटातून टेम्पो गेला तेव्हा ई-वे बिलही बरोबर होतं: आम्ही त्यात एचएसएन ०८०१ ची एकच ओळ टाकतो, ३०० किलो, आणि एकूण वजन तर ३०० किलोच होतं. म्हणून पंधरा दिवस कुणाच्याच लक्षात आलं नाही.

ऑफिसातल्या पोराला दाखवलं आणि सोमवारी बघू म्हणून सहा वाजता निघालो. हे "सोमवारी बघू" नडलं.

१५ डिसेंबर

सकाळी साडेदहाला कोल्हापूरहून त्यांच्या अकाउंटंटचा फोन. आवाज शांत होता, पण तो शांतपणा बरा नव्हे. "साहेब, एकाच नंबरची, एकाच तारखेची तुमची दोन बिलं माझ्याकडे आहेत. एक २,७५,१०० चं, एक २,६६,७०० चं. पोर्टलवर पहिलं दिसतंय. मी कुठलं धरू?"

काय झालं होतं ते पाच मिनिटांत कळलं. शनिवारी आमच्या पोराने ०२१४ उघडलं, दोन्ही ओळींतले किलो बदलले, सेव्ह केलं, नवीन पीडीएफ काढली आणि "सुधारित बिल" म्हणून व्हॉट्सअॅपवर पाठवून दिली. त्याच्या दृष्टीने काम झालं. त्याला रागवायला तोंड नव्हतं, कारण माझ्या प्रोग्रॅमनेच त्याला ते करू दिलं. बिल दिल्यावरही "बदल" हे बटण तिथेच होतं, हिरवंगार.

आकडे इथे एकदाच मांडून ठेवतो, पुढे सारखे लागतील. दर २४० ला ९०० रुपये किलो आणि ३२० ला ८२०. चुकलेलं बिल: २०० किलो गुणिले ९०० म्हणजे १,८०,०००, अधिक १०० किलो गुणिले ८२० म्हणजे ८२,०००. मिळून २,६२,०००. पाच टक्के जीएसटी १३,१०० (माल राज्यातल्या राज्यात, म्हणून सीजीएसटी आणि एसजीएसटी ६,५५० प्रत्येकी). एकूण २,७५,१००. खरं बिल: ९०,००० अधिक १,६४,०००, म्हणजे २,५४,०००. कर १२,७००. एकूण २,६६,७००. फरक ८,४००, त्यातला मालाचा ८,००० आणि कराचा ४००.

फरक किरकोळ आहे. घोळ वेगळा आहे. नोव्हेंबरच्या विक्रीचं रिटर्न, जीएसटीआर-१, आम्ही १० तारखेला भरलं, त्यात ०२१४ हे २,६२,००० चं गेलं. १४ तारखेला कोल्हापूरच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे खरेदीवरच्या कराचं क्रेडिट दाखवणाऱ्या तक्त्यात, तेच उतरलं. म्हणजे सरकारकडे एक बिल, गिऱ्हाइकाच्या फाइलमध्ये दोन आणि आमच्या डेटाबेसमध्ये फक्त दुसरं. आम्ही जे बिल खरोखर दिलं, ते आमच्याच दप्तरात उरलं नाही!

१६ डिसेंबर

आधी मूळ बिल परत आणलं. दुरुस्ती कुठल्याही मार्गाने करायची झाली तरी ती मूळ बिलाविरुद्ध करायची, आणि मूळ बिलच गायब असेल तर क्रेडिट नोट कशाची काढणार? रोज रात्री दोन वाजता बॅकअप होतो. १३ तारखेच्या पहाटेची फाइल उघडली (पोराने बदल सकाळी अकराला केला होता), ०२१४ चं डोकं आणि दोन्ही ओळी काढल्या आणि चालू डेटाबेसमध्ये बसवल्या. बॅकअपवर आंधळा विश्वास नको म्हणून २७ नोव्हेंबरला मेलने गेलेली पीडीएफ पाठवलेल्या मेलमधून उतरवली आणि ओळ न ओळ ताडली. जुळली.

मग कुडाळच्या सीए मॅडमना फोन. मी तीन पर्याय घेऊन गेलो होतो.

पहिला: बिल रद्द करून तोच नंबर पुन्हा वापरायचा. मॅडमनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. बिल गिऱ्हाइकाला गेलं, माल गेला, रिटर्नमध्ये गेलं. रद्द म्हणायचं ते न दिलेल्या बिलाला.

दुसरा: पोर्टलवरच दुरुस्ती. नोव्हेंबरचा ३बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न, अजून भरायचा होता, म्हणून त्याच महिन्याची दुरुस्ती करायच्या जीएसटीआर-१ए ची वाट उघडी होती, नंतर डिसेंबरच्या जीएसटीआर-१ मध्ये तक्ता ९ए आहेच. हा मला सोपा वाटत होता. मॅडमनी एक प्रश्न विचारला: "कागद बरोबर आणि रिटर्नमध्ये टाकताना चुकलं, असं झालंय का?" नाही. रिटर्न कागदासारखंच आहे, चूक कागदात आहे. "मग रिटर्न का बदलतोस? ते बदललंस की रिटर्न आणि दिलेलं बिल वेगळं होणार. टायपिंग चुकलं तर दुरुस्ती, बिल चुकलं तर क्रेडिट नोट." एवढं सरळ मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

तिसरा: क्रेडिट नोट. सीजीएसटी कायद्याचं कलम ३४ त्यासाठीच आहे: बिलात दाखवलेली किंमत किंवा कर हवा त्यापेक्षा जास्त लागला तर पुरवठादाराने क्रेडिट नोट द्यायची. आमचं बिल ८,००० ने जास्त होतं, म्हणजे बसतं.

इथे थोडी चर्चा झाली. नुसत्या फरकाची, ८,००० अधिक ४०० ची नोट काढली तरी पैशाचा हिशेब मिटतो, आणि एरवी मॅडमही तेच सांगतात. भाव चुकला, सूट राहिली, तर फरकाची नोट पुरे, पूर्ण बिल उलटवायची गरज नाही. पण आमच्याकडे किलो चुकलेत. फरकाची नोट काढली तर दोन्हीकडच्या वह्यांत २४० चे वीस डबेच राहणार. त्यांच्या गोडाऊनच्या पावतीवर दहा, बिलावर वीस. आमच्या रॅकवर दहा जादा, ते जादाच. म्हणून ठरलं, ०२१४ पूर्ण उलटवणारी क्रेडिट नोट आणि बरोबर किलोंचं नवीन बिल, नवीन नंबराने.

नवीन बिलाची तारीख काय घालायची हे मी मुद्दाम विचारलं, कारण भाऊंचा (मालकांचा) आग्रह होता की २७ नोव्हेंबरच घालू, गिऱ्हाइकाला बरं दिसेल. नाही. नंबर क्रमाने चालतात. ०२४० च्या आसपासच्या बिलावर नोव्हेंबरची तारीख आली की कुणीही बोट ठेवेल, शिवाय नोव्हेंबरचं रिटर्न भरून झालंय. तारीख काढू त्या दिवसाचीच. माल कधी गेला ते शेऱ्यात लिहायचं.

१७ डिसेंबर

दोन्ही कागद काढले. क्रेडिट नोट `CN/25-26/0004`. नोटेवर काय हवं हे नियम ५३ मध्ये दिलंय: आमचं आणि त्यांचं नाव, पत्ता, जीएसटीआयएन, कागदाचा प्रकार, त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा क्रमांक (१६ अक्षरांच्या आत), तारीख, मूळ बिलाचा क्रमांक आणि तारीख, करपात्र किंमत, दर, कराची रक्कम, सही. आमच्या साच्यात मूळ बिलाची तारीख नव्हती, फक्त नंबर होता. ती घातली.

नोटेच्या ओळी मूळ बिलाच्याच: २४० चे २०० किलो, ३२० चे १०० किलो, तेच दर, २,६२,००० आणि १३,१००. पोराने विचारलं, "चुकीचे किलोच पुन्हा लिहायचे?" हो, चुकीचेच. जे चढवलं तेच उतरवायचं. त्यात सुधारणा करायला गेलास तर ते ०२१४ ला शून्यावर आणणार नाही.

मग नवीन बिल `VK/25-26/0241`, आजच्या तारखेचं: १०० किलो आणि २०० किलो, २,५४,०००, कर १२,७००, एकूण २,६६,७००. शेरा असा लिहिला: "बिल VK/25-26/0214 दि. २७/११/२०२५ क्रेडिट नोट CN/25-26/0004 ने उलटवून त्याऐवजी. माल २७/११/२०२५ रोजी पोहोचला आहे." ई-वे बिल नवीन नाही, कारण आज काहीच हललं नाही. जुनं चोवीस तास उलटल्यावर रद्द होतही नाही आणि करायची गरजही नाही, माल त्याच्यावरच गेला.

नोट सेव्ह करताना प्रोग्रॅम अडला: "क्रेडिट नोटची रक्कम बाकीपेक्षा जास्त आहे". बरोबर होतं त्याचं. कोल्हापूरने ५ डिसेंबरला एक लाख पाठवले होते आणि ते ०२१४ वर लावलेले. बिलाची बाकी १,७५,१०० आणि नोट २,७५,१०० ची. ही अट मीच तीन वर्षांपूर्वी घातली होती, नोट नेहमी बाकीतूनच वजा होते असं समजून. आधी एक लाखाची पावती ०२१४ वरून मोकळी केली, मग नोट लावली, ०२१४ शून्यावर आलं, मग ते लाख ०२४१ वर लावले. बाकी १,६६,७००. पावतीची तारीख ५ डिसेंबरच राहिली, फक्त ती कुठल्या बिलावर लागली तेवढं बदललं.

स्टॉक आपोआप जुळला. नोटेने २४० चे २०० किलो आत, नवीन बिलाने १०० बाहेर, निव्वळ १०० आत. ३२० चं उलट. काकींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझो स्टॉक शुक्रवारपासून बरोबरच आसा."

कोल्हापूरच्या अकाउंटंटना तीन पीडीएफ एकत्र पाठवल्या: मूळ ०२१४, क्रेडिट नोट आणि ०२४१. शनिवारी व्हॉट्सअॅपवर आलेली पीडीएफ काढून टाका असं लिहून मागितलं आणि त्यांच्याकडून "काढली" असं उत्तर घेऊन ठेवलं.

१८ डिसेंबर

आता मुळावर घाव. दिलेलं बिल डेटाबेसनेच बदलू देता कामा नये. पडद्यावरचं बटण लपवणं पुरत नाही, कारण उद्या मीच घाईत थेट टेबलात हात घालीन. (घातलाय. पूर्वी दोनदा.) शिवाय नियम ५६(८) सांगतो की नोंद खोडायची नाही, पुसायची नाही, तिच्यावर लिहायचं नाही, आणि हिशेब संगणकावर असेल तर बदललेल्या किंवा काढलेल्या प्रत्येक नोंदीचा लॉग हवा. आमच्याकडे लॉग नावाची गोष्टच नव्हती. बॅकअप होता म्हणून वाचलो.

एसक्यूलाइटमध्ये ट्रिगर टाकला. पहिल्या झटक्यात फक्त `bills` टेबलावर टाकला, चाचणी केली, तारीख बदलून पाहिली, अडला, खूश झालो. मग लक्षात आलं की शनिवारी पोराने जे बदललं ते `bills` मध्ये नव्हतंच. किलो आणि दर `bill_lines` मध्ये असतात. दाराला कुलूप आणि खिडकी उघडी.

```sql
CREATE TRIGGER bill_lines_upd
BEFORE UPDATE ON bill_lines
WHEN (SELECT status FROM bills
      WHERE id = OLD.bill_id) = 'issued'
BEGIN
  SELECT RAISE(ABORT, 'bill already issued');
END;
```

असाच एक `DELETE` साठी, आणि `INSERT` साठी एक, त्यात `OLD` ऐवजी `NEW`. दिलेल्या बिलात नवीन ओळ घुसवणं हाही बदलच.

कच्चं बिल, म्हणजे `draft`, मोकळं ठेवलंय. गिऱ्हाइकाला जाण्याआधी कितीही खोडा. "द्या" दाबलं की नंबर पडतो, पीडीएफ तयार होऊन फाइलमध्ये जपली जाते आणि कुलूप लागतं. पूर्वी कच्च्या बिलालाच नंबर मिळायचा, म्हणून मधले नंबर गळायचे आणि मार्चमध्ये शोधाशोध व्हायची. तेही आता मिटेल.

१९ डिसेंबर

सकाळी दहा वाजता ऑफिस ठप्प. एकही पावती पडेना, प्रत्येक वेळी `bill already issued`. कारण `paid_amount` हा रकाना `bills` मध्येच होता आणि पैसे आले की प्रोग्रॅम बिलाचीच ओळ बदलायचा. कुलूप इमानदार निघालं. पैसे आले म्हणून बिल बदलत नाही, तेव्हा तो आकडा तिथे असायलाच नको होता. `receipt_allocations` असं वेगळं टेबल केलं: कुठल्या पावतीतले किती रुपये कुठल्या बिलावर. क्रेडिट नोटही त्याच टेबलातून बिलावर लागते. बाकी आता मोजून काढायची, साठवायची नाही.

दीड तास पावत्या कागदावर लिहिल्या. भाऊ काही बोलले नाहीत, पण दोनदा खुर्चीमागून येऊन गेले.

२० डिसेंबर

नोव्हेंबरचा ३बी भरला, ०२१४ च्या मूळ करासह, १३,१०० धरून. भाऊंना हे पटवायला वेळ लागला. "आपल्याला माहीत आहे ४०० जास्त आहेत, मग भरायचे कशाला?" कारण क्रेडिट नोट १७ डिसेंबरची आहे. नोव्हेंबरमध्ये दिलेलं बिल २,६२,००० चंच होतं. ते ४०० डिसेंबरच्या रिटर्नमध्ये वळते होतील. महिनाभर अडकले, एवढंच.

२२ डिसेंबर

कुलूप तपासायला म्हणून पोराला सांगितलं, काहीही कर, एक जुनं बिल बदलून दाखव, चहा माझ्याकडून. चहा द्यावा लागला, तोही दोनदा.

पहिली पळवाट खरोखर खोल होती. आमचा "सेव्ह" कोड बिलाचं डोकं `INSERT OR REPLACE` ने लिहितो. एसक्यूलाइट अशा वेळी जुनी ओळ काढतं आणि नवीन घालतं, पण त्या काढण्यावर `DELETE` चा ट्रिगर चालत नाही, `recursive_triggers` चालू असेल तरच चालतो, आणि तो मुळात बंद असतो. `UPDATE` तर झालेलाच नाही. म्हणून तारीख आणि गिऱ्हाईक आरामात बदलत होतं, दोन्ही ट्रिगर जागच्या जागी असून. परवा माझी चाचणी पास झाली, कारण मी हाताने `UPDATE` लिहिला होता, प्रोग्रॅममधून सेव्ह केलं नव्हतं. आता सेव्हमध्ये सरळ `INSERT` किंवा सरळ `UPDATE`, आणि जोडणी उघडताना:

```sql
PRAGMA recursive_triggers = ON;
```

हे प्रत्येक जोडणीला द्यावं लागतं, डेटाबेस फाइलमध्ये ते राहत नाही.

दुसरी पळवाट पोराने नकळत शोधली. त्याने बिलाला हात लावलाच नाही. गिऱ्हाइकांच्या यादीत जाऊन सावंतवाडीच्या एका दुकानाचा पत्ता बदलला आणि मे महिन्यातलं बिल पुन्हा छापलं. नवीन पत्ता! बिलात फक्त गिऱ्हाइकाचा क्रमांक होता, नाव-पत्ता-जीएसटीआयएन छापताना यादीतून यायचं. म्हणजे गिऱ्हाईक जागा बदललं की आमची सगळी जुनी बिलं गुपचूप बदलत होती, तीन वर्षं. आता बिल देताना त्या क्षणीचं नाव, पत्ता, जीएसटीआयएन, मालाचं वर्णन आणि दर बिलातच उतरवून घेतो. आणि पुन्हा छापायचं म्हटलं तर नव्याने बनवायचं नाही, जपलेली पीडीएफच उघडायची. जुन्या बिलांच्या पीडीएफ पाठवलेल्या मेलमधून गोळा करतोय, हे काम आठवडाभर चालेल.

२६ डिसेंबर

"बदल" बटणाच्या जागी आता "उलटवून नवीन" असं बटण. दाबलं की प्रोग्रॅम कारण विचारतो (रिकामं चालत नाही), मूळ बिलाच्या ओळी जशाच्या तशा घेऊन क्रेडिट नोट तयार करतो, मूळ बिलाचा क्रमांक आणि तारीख स्वतः भरतो, लावलेल्या पावत्या मोकळ्या करतो आणि त्याच ओळींचं एक कच्चं बिल उघडून देतो. दुरुस्ती त्या कच्च्यात करायची. दोन्ही कागद एकदमच निघतात. नुसती नोट निघाली आणि नवीन बिल राहिलं, तर महिनाअखेर विक्री अडीच लाखांनी कमी दिसेल आणि कारण कुणाला आठवणार नाही.

फरकाच्या नोटेचं बटण वेगळं ठेवलं. त्यात किलो लिहिता येत नाहीत, फक्त रक्कम. किलो चुकले असतील तर पहिल्याच बटणाने जा.

एक अट तारखेची. कलम ३४ प्रमाणे क्रेडिट नोट रिटर्नमध्ये दाखवायची मुदत माल ज्या आर्थिक वर्षात गेला त्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक रिटर्न भरण्याच्या तारखेपर्यंत, यात जे आधी येईल ते. म्हणजे ०२१४ सारख्या बिलाला फार तर ३० नोव्हेंबर २०२६. त्यानंतर बटण दाबलं तर प्रोग्रॅम थांबवतो आणि मॅडमना फोन करा म्हणतो.

आमची उलाढाल पाच कोटींच्या आत, म्हणून ई-इनव्हॉइस लागत नाही. ज्यांना लागतं त्यांच्यासाठी हे बटण पुरणार नाही: तिथे बिलाला पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक, आयआरएन, पडला की चोवीस तासांत रद्द करता येतं, बदल मात्र करताच येत नाही, आणि क्रेडिट नोटलाही स्वतःचा आयआरएन घ्यावा लागतो. शेजारच्या कारखान्याला प्रोग्रॅम द्यायचं बोलणं चाललंय, तेव्हा हे आधीच लिहून ठेवलं.

९ जानेवारी २०२६

डिसेंबरचा जीएसटीआर-१ भरला. ०२४१ तक्ता ४ए मध्ये, क्रेडिट नोट ९बी मध्ये. दोन्ही मिळून कोल्हापूरच्या नावावर उणे ८,००० आणि कर उणे ४००. तक्ता १३ मध्ये बिलांचा क्रम आणि क्रेडिट नोटांचा क्रम वेगळा द्यायचा असतो. रद्द बिलं: शून्य. ०२१४ तिथे रद्द म्हणून लिहिलेलं नाही, ते नोव्हेंबरमध्येच आहे, जसं दिलं तसं.

कोल्हापूरला फोन केला, कारण यात एक गोम आहे. आता क्रेडिट नोट त्यांच्या आयएमएस मध्ये, म्हणजे पोर्टलवर आलेली बिलं तपासायच्या यादीत दिसणार, आणि तिथे ती स्वीकारायची की नाकारायची हे त्यांच्या हातात. त्यांनी "हे कशाला?" म्हणून नाकारली तर तो १३,१०० चा कर पुढच्या ३बी मध्ये आमच्या डोक्यावर परत बसतो. नवीन बिलाचा १२,७०० तर लागलेलाच. एकाच मालावर दोनदा. त्यांना आकडे वाचून दाखवले: तुम्ही नोव्हेंबरमध्ये १३,१०० क्रेडिट घेतलंत, डिसेंबरमध्ये १२,७०० अधिक आणि १३,१०० उणे, म्हणजे ४०० परत करायचे. ते म्हणाले, "एवढंच ना? मला वाटलं तुम्ही काहीतरी लपवताय."

१५ जानेवारी

काल त्यांचा २बी आला, नोट आणि ०२४१ दोन्ही उतरलेत. नोट स्वीकारल्याचा स्क्रीनशॉट त्यांनी तिळगुळाच्या फोटोसोबत पाठवला. बाकीचे १,६६,७०० दुपारी जमा झाले.

संध्याकाळी पोराने स्वतःहून "उलटवून नवीन" दाबलं. मालवणच्या एका हॉटेलच्या बिलात तुकडा काजूचा दर पूर्ण गराचा लागला होता. कारणाच्या चौकटीत त्याने लिहिलंय: "मी चुकलो." किलो बरोबर होते, फक्त दर चुकला होता, म्हणजे फरकाची नोट पुरली असती. उद्या सांगतो.